घोस्टिंग, सिच्युएशनशिप आणि रेड फ्लॅग : भाचीने ठेवलेले तीन आरोप

उत्तररंग (धागाकर्ते)

मी एकोणसाठ वर्षांचा असून घटस्फोटानंतर गेली अकरा वर्षे एकटा राहतो. दीड वर्षापूर्वी भाचीच्या आग्रहाखातर मी एका डेटिंग अ‍ॅपवर नाव नोंदवले आणि तिथे दोन बाईंशी ओळख झाली. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून येथे मी त्यांना क्ष आणि ज्ञ म्हणतो.

क्ष यांच्याशी पाच आठवडे संदेशांची देवाणघेवाण झाली आणि आम्ही दोनदा भेटलो. बाई अत्यंत सज्जन होत्या, परंतु दुसऱ्या भेटीतच माझे मन तिथे रमत नाही हे मला कळून चुकले. दुसऱ्या दिवशी त्यांचा संदेश आला, की कालची संध्याकाळ छान गेली, पुढच्या आठवड्यात चित्रप्रदर्शन पाहायला जाऊ या का? मी उत्तर चार वेळा लिहिले आणि चारही वेळा पुसले. एक दिवस गेला, मग आठवडा गेला, आणि मग इतक्या उशिरा उत्तर देण्याचीच लाज वाटू लागली. पंधरा दिवसांनी त्यांनी फक्त एवढेच लिहिले, "तब्येत बरी आहे ना? तेवढे कळवा." त्यालाही मी उत्तर दिले नाही. या गोष्टीला आता अकरा महिने झाले. तोंडावर नकार देऊन दुखवण्यापेक्षा गप्प राहणे अधिक सभ्यपणाचे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ज्ञ यांच्याशी गेले आठ महिने परिचय आहे. दहा-बारा दिवसांतून एकदा भेट होते आणि रात्री अकरानंतर बोलणे होते. दोन महिन्यांपूर्वी त्या बारा दिवस पूर्ण गप्प होत्या आणि नंतर काहीच घडले नसल्यासारख्या पुन्हा बोलू लागल्या. आमच्या या नात्याला नाव नाही.

मागच्या रविवारी फोनमधली जागा मोकळी करून देताना भाचीने हे सगळे पाहिले आणि म्हणाली, "मामा, तू त्या बाईंना चक्क घोस्ट केलंस. या दुसऱ्यांशी तुझी सिच्युएशनशिप आहे आणि त्यात मला तीन रेड फ्लॅग दिसतात." मी शब्दकोश उघडून बसलो, परंतु अर्थ कळूनही माझे समाधान झाले नाही. मी जे केले ते खरोखरच घोस्टिंग ठरते का? आणि ठरत असेल, तर ज्ञ यांनी बारा दिवस माझ्याशी जे केले तेही तेच का?

सावधान_सदा

उत्तररंग, आपण तातडीने सावध व्हावे. घोस्ट म्हणजे भूत, म्हणजे जी व्यक्ती अस्तित्वातच नाही अशी व्यक्ती. दुसऱ्याची छायाचित्रे लावून खोटे खाते उघडायचे, एकट्या ज्येष्ठ माणसाला गोड बोलून जाळ्यात ओढायचे आणि मग अडचण सांगून पैसे मागायचे, असा हा प्रकार असतो. ज्ञ बाई फक्त रात्रीच बोलतात ही तर धोक्याची घंटाच आहे. एक रुपयासुद्धा देऊ नये.

टिकटिक

सावधान_सदा, आपण म्हणता त्याला कॅटफिशिंग म्हणतात, घोस्टिंग नव्हे. धागाकर्ते दोघींनाही प्रत्यक्ष भेटले आहेत, त्यामुळे तो प्रश्नच येथे उद्भवत नाही.

घोस्टिंगची व्याख्या सोपी आहे. संदेशापुढे ब्लू टिक आली, म्हणजे समोरच्याने तो वाचला आणि अठ्ठेचाळीस तासांत उत्तर दिले नाही, की ते घोस्टिंग झाले. एकच टिक राहिली तर समजावे की आपल्याला ब्लॉक केले आहे. या हिशेबाने काकांनी क्ष यांना घोस्ट केले आणि ज्ञ यांनी काकांना. फिट्टंफाट झाली.

काठावरची

दुसऱ्या नात्याच्या उंबरठ्यावर असलेल्या, म्हणजे साधारण पन्नाशी ओलांडलेल्या लोकांसाठी मी बरीच वर्षे समुपदेशनाचे काम करते. हे तीनही शब्द माझ्या खोलीत रोज येतात, आणि बहुतेक वेळा ते मुलगी, सून किंवा भाची यांच्याकडून उसने आणलेले असतात.

टिकटिक यांनी घोस्टिंग आणि कॅटफिशिंग यांतला फरक अचूक सांगितला, परंतु अठ्ठेचाळीस तासांचा नियम कुठेच नाही. घोस्टिंग घड्याळाने मोजता येत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात. दोघांमध्ये पुढच्या भेटीची अपेक्षा निर्माण झालेली असावी लागते, एकाने मनात ते संपवलेले असावे लागते, आणि संपवल्याचे दुसऱ्याला कळवलेले नसावे लागते. यातली दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती बाहेरून दिसत नाही. म्हणूनच ज्याला घोस्ट केले जाते त्याला कित्येक दिवस ते कळतच नाही. आजारपण, प्रवास, हरवलेला फोन, रुसवा अशी सगळी कारणे तो स्वतःच समोरच्याच्या वतीने शोधत बसतो.

उत्तररंग, आपण क्ष यांच्या बाबतीत या तीनही अटी पूर्ण केल्या आहेत, म्हणून भाचीचा शब्द बरोबर आहे. ज्ञ यांचे बारा दिवस मात्र मी घोस्टिंगमध्ये धरणार नाही. त्या परत आल्या, याचा अर्थ त्यांनी मनात संपवलेले नव्हते. ते वागणे चांगले होते असे मी म्हणत नाही, परंतु ते वेगळे आहे. असे शांत काळ वारंवार येऊ लागले आणि प्रत्येक वेळी एखादाच गोड संदेश टाकून आपल्याला आशेवर ठेवले गेले, तर त्यासाठी ब्रेडक्रंबिंग हा निराळा शब्द आहे. आठ महिन्यांत एकदाच घडलेल्या गोष्टीला मी तोही लावणार नाही.

टिकटिक

व्याख्येपुरती मी माघार घेतो, परंतु टिकचे गणित तरी बरोबर आहे ना?

काठावरची

अर्धे बरोबर आहे. एक टिक म्हणजे संदेश समोरच्या फोनवर पोहोचलेला नाही, एवढेच. ब्लॉक केले असेल तर तसे होतेच, परंतु फोन बंद असला, इंटरनेट नसले किंवा त्यांनी नंबर बदलला तरीही एकच टिक राहते. एका टिकच्या जोडीला शेवटचे कधी पाहिले ते दिसेनासे झाले, प्रोफाइलचा फोटो बदललेला दिसेना आणि कॉलही लागेना, तर ब्लॉकची शंका बळावते, पण तेव्हाही ती शंकाच असते. ब्लू टिकचेही तसेच आहे. ती सोय कोणालाही बंद करता येते आणि मग संदेश वाचूनही टिक करड्याच राहतात. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी ब्लू टिक येत नाही म्हणून तीन आठवडे मनाचा घोर लावून घेतला होता. त्या बाईंनी ती सोय दोन वर्षांपूर्वीच बंद केलेली होती.

पूर्णविराम

मी उत्तररंग यांच्याच वयाचा आहे आणि मला ही सारी चर्चा विनाकारण फुगवलेली वाटते. पत्राला उत्तर आले नाही की माणूस काय ते समजून जात असे. त्याला तेव्हा नाव नव्हते आणि कोणी आरोपही करत नसे. दोन भेटी आणि पाच आठवडे म्हणजे असे काय मोठे नाते, की संपवताना निवेदन प्रसिद्ध करावे? इंग्रजी कोशात २०१७ साली एक शब्द शिरला म्हणून एका भिडस्त माणसाला गुन्हेगार ठरवू नये.

दवबिंदू

पूर्णविराम, क्ष यांच्या जागी मी होते, म्हणून लिहिते. मी बावन्न वर्षांची आहे. माझ्या बाबतीत पाच महिन्यांचा परिचय होता. एका गुरुवारी त्यांनी "रात्री फोन करतो" असे लिहिले आणि तो फोन आलाच नाही.

पत्राची तुलना मला पटत नाही. पत्र गेले की ते कुठे अडकले, पोहोचले की नाही, हे कळण्याचा मार्गच नसे, त्यामुळे माणूस थोडी वाट पाहून कामाला लागत असे. मला मात्र ते गृहस्थ रोज रात्री ऑनलाइन दिसत होते. पहिले चार दिवस मी त्यांच्या तब्येतीच्या काळजीत होते. पाचव्या दिवशी त्यांच्या प्रोफाइलचा फोटो बदलला आणि त्यावरून ते सुखरूप आहेत हे मला कळले. त्या क्षणी आधी हायसे वाटले आणि पाठोपाठ जो अपमान जाणवला, तो मी अजून विसरलेले नाही. त्यानंतर मी आमचे सगळे संदेश पहिल्यापासून वाचून काढले. माझ्या कोणत्या वाक्याने त्यांचे मन विटले असेल ते मी शोधत होते. नकार आला असता, तर हे शोधकाम मी केले नसते.

आठ महिन्यांनी त्यांनी "कशी आहेस?" एवढे दोन शब्द पाठवले. माझ्या लेकीने सांगितले की गेलेले भूत असे उठून परत आले की त्याला झोंबिंग म्हणतात. त्या दुःखातही मला हसू आले. मी उत्तर दिले नाही. आता तुम्हीच सांगा, मग मीही त्यांना घोस्ट केले का?

काठावरची

नाही, दवबिंदूताई. ज्याने दार न सांगता बंद केले त्याने परत येऊन टकटक केली, तर ते उघडण्याचे बंधन आपल्यावर येत नाही. याच्याच जोडीला आणखी एक अपवाद मी नेहमी आग्रहाने सांगते. समोरची व्यक्ती धमकावत असेल, पाठलाग करत असेल, किंवा आपण नाही म्हटल्यावर चिडत असेल, तर एक अक्षरही न कळवता सगळीकडून ब्लॉक करून बाजूला होणे हे घोस्टिंग नव्हेच, तो स्वतःचा बचाव आहे. सभ्यपणापोटी अशा माणसाला शेवटचा खुलासा द्यायला गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या खुलाशाचे त्याने वादात रूपांतर केले आणि तो वाद पुढे महिनाभर चालला.

पूर्णविराम यांचा प्रश्न मात्र मी झटकून टाकणार नाही. एकाच भेटीनंतर निरोप द्यायलाच हवा का, याबद्दल माझ्या व्यवसायातही एकमत नाही. माझे वैयक्तिक मत असे, की समोरून थेट प्रश्न आला तर त्याचे उत्तर देणे लागते, मग भेटी कितीही झालेल्या असोत. क्ष यांनी तर दोनदा प्रश्न विचारला, आणि दुसरा प्रश्न नात्याचा नव्हताच, तब्येतीचा होता.

उत्तररंग

दवबिंदू, आपला प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. क्ष यांनी तब्येतीची चौकशी का केली असेल, हे मला आज, अकरा महिन्यांनी कळले.

आता एक कबुली द्यायची आहे. क्ष यांचे स्टेटस मी अजूनही रोज सकाळी पाहतो. त्या बागेतली फुले टाकतात. त्या मजेत आहेत हे पाहून मनावरचा भार थोडा हलका होतो. हे मी भाचीला सहज सांगितले, तर तिने कपाळावर हात मारून घेतला. कोणी पाहिले याची यादी त्यांना दिसते, असे ती म्हणते. हे खरे आहे का?

टिकटिक

काका, अगदी खरे आहे. स्टेटसच्या खाली डोळ्याची खूण असते, तिच्यावर बोट ठेवले की पाहणाऱ्यांची नावे वेळेसकट दिसतात. म्हणजे तुम्ही अकरा महिने रोज सकाळी त्यांच्या दारावरून हजेरी लावून जात आहात. याला ऑर्बिटिंग म्हणतात. बोलायचे नाही, पण भोवती फिरत राहायचे.

काठावरची

यात एक बारकावा आहे. ब्लू टिकची सोय ज्याने बंद केली आहे, त्याला आपले स्टेटस कोणी पाहिले हेही दिसत नाही, आणि त्याने पाहिलेले इतरांनाही दिसत नाही. उत्तररंग, आपल्या बाजूने ती सोय चालू आहे का, ते पाहावे. चालू असेल आणि त्यांचीही चालू असेल, तर आपले नाव त्यांना रोज दिसत आहे.

दुसरी गोष्ट अशी, की दोघांनीही एकमेकांचा नंबर जपून ठेवलेला असल्याशिवाय सहसा स्टेटस दिसतच नाही. म्हणजे त्यांनी आपला नंबर पुसलेला नाही आणि आपल्याला वगळलेलेही नाही. यावरून त्या वाट पाहत आहेत असा अर्थ मात्र कृपया काढू नये. कित्येकांच्या फोनमध्ये दहा वर्षांपूर्वीच्या गॅस दुरुस्तीवाल्याचाही नंबर असतो.

पूर्णविराम

गॅस दुरुस्तीवाल्याची उपमा बोचरी असली तरी मार्मिक आहे. क्ष यांचा विषय तुम्ही हाताळा. मला सिच्युएशनशिप आणि ते लाल झेंडे समजून घ्यायचे आहेत, कारण माझी सूनही हे शब्द वापरते आणि मी मान डोलावतो.

काठावरची

मग उत्तररंग यांच्याच उदाहरणावरून पाहू या. भाचीने मोजलेले तीन रेड फ्लॅग कोणते, ते आधी त्यांनी लिहावे.

उत्तररंग

पहिला असा, की त्या रात्री अकरानंतरच बोलतात. दुसरा असा, की आठ महिन्यांत त्यांनी मुलाशी ओळख करून दिलेली नाही. तिसरा असा, की दुसऱ्याच भेटीत त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखा ऐकून घेणारा माणूस मला आजवर भेटला नाही." एवढ्या लवकर एवढे कौतुक म्हणजे लव्ह बॉम्बिंग, असे भाचीचे म्हणणे आहे.

काठावरची

रेड फ्लॅग हा या तिघांतला सर्वांत उपयोगी शब्द होता, आणि अतिवापराने तोच सर्वांत जास्त झिजला. लाल झेंडा दिसला की गाडी थांबवायची असते, केवळ खडखडाट ऐकू आला म्हणून नव्हे. आपल्याला न आवडणारी सवय, वेगळी आवड, संथ स्वभाव यांना तो शब्द लावू नये. निरुपद्रवी, थोड्याशा चमत्कारिक सवयींसाठी तरुणांनीच पुढे बेज फ्लॅग हा शब्द काढला, तो याच गोंधळामुळे असावा. रेड फ्लॅग म्हणजे पुढे इजा होईल असे सुचवणारे वागणे, आणि ते ओळखण्याची माझी एकच कसोटी आहे. त्या माणसाला एखाद्या लहानशा गोष्टीत "नाही" म्हणून पाहावे, किंवा साधा बदल मागून पाहावा, आणि काय होते ते बघावे.

ही कसोटी तिन्हींना लावून पाहू. रात्री अकराचे कारण काय आहे? आपण ते विचारले आहे का? दुपारी बोलू या असे एकदा सुचवावे. त्यांनी अडचण सांगितली आणि दुसरी वेळ सुचवली, तर तो झेंडा नव्हे. त्या चिडल्या, किंवा विषय टाळून दिवसभर फोन बंद ठेवू लागल्या, तर मग घरात आणखी कोणी आहे का, ही शंका रास्त ठरते.

मुलाच्या ओळखीबद्दल मी भाचीशी स्पष्ट असहमत आहे. पंचविशीत आठ महिन्यांत घरच्यांपासून लपवणे आणि उतारवयात मोठ्या झालेल्या मुलाला सांगायला वेळ घेणे, या एका मापाने मोजण्याच्या गोष्टी नाहीत. मुलाने वडिलांच्या जागी कोणाला पाहायचे, हा त्या मुलाचाही प्रश्न असतो.

राहिले कौतुक. लव्ह बॉम्बिंग एका वाक्याने होत नाही. ते प्रमाणाने आणि वेगाने होते. दिवसाला पन्नास संदेश, दुसऱ्या आठवड्यात एकत्र राहण्याच्या योजना, आणि आपण "जरा सावकाश घेऊ या" म्हटले की रडारड किंवा राग. हा शब्द मुळात प्रेमाच्या व्यवहारातला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९७०च्या दशकात अमेरिकेत युनिफिकेशन चर्च या पंथाचे अनुयायी नव्या माणसावर आपुलकीचा भडिमार करत आणि त्यालाच ते हा शब्द वापरत. तिथेही उद्देश हाच असे, की माणसाला विचार करायला उसंत मिळू नये. ज्ञ यांच्या एका वाक्यानंतर आपल्याला विचार करायला आठ महिने मिळाले आहेत.

सावधान_सदा

पैशांच्या मागणीचे काय? ते तर रेड फ्लॅग आहे ना?

काठावरची

आहेच, आणि त्यासाठी कसोटीचीसुद्धा गरज नाही. या मुद्द्यावर आपण पहिल्यापासून बरोबर होता, फक्त येथे तसे काही घडलेले नाही.

दवबिंदू

मला सिच्युएशनशिपबद्दल विचारायचे आहे. लग्नाचा विचार नसेल तर ते नाते सिच्युएशनशिपच ठरते का? मग आमच्या वयाची निम्मी नाती त्यात मोडतील.

टिकटिक

आमच्या पिढीत तरी अर्थ असा आहे, की जोडप्यासारखे सगळे करायचे, पण जोडपे म्हणायचे नाही. मित्राहून जास्त, जोडीदाराहून कमी. २०२३ साली ऑक्सफर्डने वर्षाच्या शब्दासाठी जी निवडक यादी काढली होती, तिच्यात हा शब्द होता. मान मात्र रिझ या शब्दाला मिळाला.

काठावरची

टिकटिक यांचे वर्णन बरोबर आहे, परंतु त्यात एक गोष्ट राहते. नाव नसणे हा सिच्युएशनशिपचा दोष नव्हे. नावाबद्दल कधी बोलणेच न होणे, हा तिचा दोष आहे. दोघांपैकी एकाला वाटते की हे पुढे कुठेतरी जाणार आहे, दुसऱ्याला वाटते की हे आहे तेवढेच आहे, आणि विचारले तर असलेलेही जाईल या भीतीने पहिला विचारत नाही. त्या न विचारण्यावर ते नाते उभे असते.

दवबिंदूताई, दोन प्रौढ माणसांनी समोरासमोर बसून ठरवले, की आपण जोडीदार आहोत पण आपापल्या घरी राहू, लग्न करणार नाही, तर ती सिच्युएशनशिप नव्हे. समाजशास्त्रात त्याला लिव्हिंग अपार्ट टुगेदर म्हणतात, आणि उतारवयातल्या जोडप्यांच्या अभ्यासात हा प्रकार नेहमी आढळतो.

म्हणून उत्तररंग, ज्ञ यांच्याशी आपले काय आहे, हे भाची सांगू शकत नाही आणि मीही नाही. ते विचारण्याची एक पद्धत मी सुचवते. "आपले पुढे काय?" असे विचारू नये. त्या प्रश्नात मागणी ऐकू येते आणि माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो. आधी स्वतःचे सांगावे आणि मग एकच गोष्ट विचारावी. शक्यतो संदेशात नको, प्रत्यक्ष भेटीत विचारावे, कारण संदेशाला गप्प बसता येते.

उत्तररंग

दहा दिवसांनी लिहीत आहे. काल ज्ञ यांची भेट झाली. मी म्हटले, "मी तुम्हाला माझी जोडीदार समजतो आणि दुसऱ्या कोणाला भेटत नाही. तुम्ही मला काय समजता?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, की त्याही दुसऱ्या कोणाला भेटत नाहीत, परंतु पुन्हा एक घर चालवण्याची त्यांची इच्छा नाही आणि जोडीदार हा शब्द ऐकला की त्यांना घर दिसते. रात्री अकराचे कारणही कळले. त्यांच्या आई अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि त्या झोपल्यावरच यांना मोकळा वेळ मिळतो. त्या बारा दिवसांत आई रुग्णालयात होत्या. मला का सांगितले नाही, असे विचारल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला सांगायचे इतके आपले आहे का, हेच मला कळत नव्हते."

आता हे काय झाले, ते मला अजूनही ठरवता येत नाही.

काठावरची

शब्द ठरवण्याची घाई करू नये. त्यांचे शेवटचे वाक्य मात्र नीट वाचावे. आपण त्या बारा दिवसांचा अर्थ लावत बसला होता आणि त्या विचारायला कचरत होत्या, म्हणजे अडलेले दोघेही होते. आता आपण विचारले आहे आणि त्यांनी उत्तर दिले आहे, म्हणून मी तरी याला सिच्युएशनशिप म्हणणार नाही.

टिकटिक

मी म्हणेन. त्यांनी जोडीदार हा शब्द नाकारला आहे. आमच्यात याला सरळ सिच्युएशनशिप म्हणतात आणि कोणी तरी एक पुढे जाऊन दुखावतो.

पूर्णविराम

या एका बाबतीत मी टिकटिक यांच्या बाजूचा आहे, आणि याचे मलाच आश्चर्य वाटते. पण क्ष यांचे काय झाले?

उत्तररंग

त्यांना लिहावे की नाही, हे मला ठरवता येत नव्हते. भाची म्हणाली, लिही. माझ्या एका स्नेह्यांचे मत असे पडले, की अकरा महिन्यांनी माफी मागणे म्हणजे स्वतःचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर ठेवणे.

दवबिंदू

तुमच्या स्नेह्यांचे मत चुकीचे नाही, तरी मला असा संदेश आला असता तर बरे वाटले असते. फक्त एक पाळा. "कशी आहेस?" असे लिहू नका. काही विचारू नका. कारण सांगत बसू नका, विशेषतः तुम्ही किती सज्जन होता, हे तर मुळीच नको. आणि रोज सकाळची ती फेरी त्याच दिवशी बंद करा.

उत्तररंग

काल संध्याकाळी पुढील मजकूर पाठवला.

"गेल्या वर्षी आपल्या दोन्ही संदेशांना मी उत्तर दिले नाही. मला पुढे भेटायचे नव्हते आणि ते सांगण्याचे धैर्य झाले नाही. यात आपली काहीही चूक नव्हती. आपण तब्येतीची विचारपूस केली होती, तिला उत्तर न देणे विशेष वाईट होते. क्षमस्व. या संदेशाला उत्तर देण्याची आवश्यकता नाही."

त्यांचे स्टेटस पाहणे आज सकाळपासून थांबवले आहे. संदेशापुढे दोन टिक उमटल्या आहेत, परंतु रात्र उलटून गेली तरी त्या करड्याच आहेत.

टिकटिक

काका, करड्या टिकवरून काहीच ठरत नाही. त्यांनी वाचला नसेल, किंवा ती सोय बंद ठेवून वाचलाही असेल. आणि सोय बंद असेल, तर तुम्ही अकरा महिने रोज सकाळी त्यांची फुले पाहत होता, हेही त्यांना कधी दिसले नसेल.